चिकन ६५ : पाणी, तेल आणि दुसरे तळण

मद्रास शहराच्या माउंट रोडवर (शहराला १९९६ पासून चेन्नई म्हणतात आणि रस्ता आता अण्णा सालै या नावाने ओळखला जातो) बुहारी हॉटेल नावाचे एक जुने उपाहारगृह आहे. ए. एम. बुहारी यांनी ते १९५१ साली सुरू केले. ‘चिकन ६५’ हा पदार्थ १९६५ साली याच हॉटेलात प्रथम मिळू लागला आणि त्या सालावरूनच त्याला हे नाव पडले, असे तेथे सांगतात. नावाच्या इतर कथाही प्रचलित आहेत. पदार्थपत्रिकेवरील त्याचा क्रमांक पासष्ट होता असे कोणी म्हणतो, तर कोणी त्यात पासष्ट मिरच्या घालीत असत असे सांगतो. पासष्ट मिरच्यांची कथा रंजक असली तरी ती मनावर घेण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, कोंबडीच्या मांसाचे बिनहाडाचे लहान तुकडे तिखट मसाल्यात मुरवून तळण्याची ही रीत मद्रासहून दक्षिणेत सर्वत्र पसरली, आणि आज ती देशभरातील उपाहारगृहांत व घरांत दिसते.

घरी हा पदार्थ करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. चव जमते, तिखटपणा जमतो, रंगही येतो. परंतु कढईतून काढताना कुरकुरीत असलेला तुकडा पानात पडेपर्यंत मऊ होतो. याचा दोष पुष्कळदा मसाल्याला किंवा पिठाला दिला जातो आणि मग पिठाचे प्रमाण वाढविले जाते. त्यामुळे तुकड्यावर भज्यासारखे जाड कवच चढते आणि तेही थोड्याच वेळात मऊ पडते. खरे कारण निराळे आहे. तळण्याची क्रिया ही मुख्यतः पाणी घालविण्याची क्रिया आहे. मुरवणात पाणी किती होते, तेलाने त्यातले किती घालविले आणि तळून झाल्यावर मांसातून पुन्हा किती बाहेर आले, या तीन गोष्टींवर कुरकुरीतपणा अवलंबून असतो.

प्रथम कढईत काय घडते ते पाहू. कोंबडीच्या मांसात वजनाच्या सुमारे तीनचतुर्थांश पाणी असते. मसाल्याचा लेप दिलेला तुकडा १७० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात सोडला की बाहेरच्या लेपातील पाणी तत्काळ उकळू लागते. तुकड्याभोवती जे बुडबुडे उठतात, ते तेलाचे नसून वाफेचे असतात. जोपर्यंत लेपात पाणी आहे तोपर्यंत लेपाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जाऊ शकत नाही, मग तेल कितीही तापलेले असो. खमंगपणा आणि तांबूस रंग आणणाऱ्या क्रियांना मात्र १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे लेप कोरडा होईपर्यंत तो केवळ शिजत राहतो, तळला जात नाही. बुडबुडे कमी होऊन तेलाचा खळखळाट मंदावला की लेप कोरडा होत आला असे समजावे. अनुभवी स्वयंपाकी कढईकडे न पाहता नुसत्या आवाजावरून तळण ओळखतात, त्याचे रहस्य हेच आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मुरवणात पाणी मुळीच नसावे. तोही बरोबर नाही. कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी यांतील स्टार्चचे कण उष्णतेने फुगून एकजीव व्हावयाचे असतील तर त्यांना थोडे पाणी मिळालेच पाहिजे. असा फुगलेला स्टार्च नंतर वाळला म्हणजेच काचेसारखे पातळ, ठिसूळ कवच तयार होते. पाणी न मिळालेले पीठ कोरडेच राहते. ते तेलात गळते, तळाशी जाऊन करपते आणि तुकड्यावर राहिलेले पीठ जिभेला खडूसारखे लागते. तेव्हा मुरवण ओले असावे, पण वाहते नसावे. बोटाने तुकडा उचलला असता लेप त्याला चिकटून राहावा, त्याची धार लागू नये, आणि भांडे तिरपे केले असता तळाशी पाण्याचे थारोळे दिसू नये.

हे पाणी मुरवणात कोठून येते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. धुतल्यानंतर मांस नीट निथळलेले नसते. आले-लसूण वाटताना मिक्सर फिरावा म्हणून पाणी घातलेले असते. साध्या दह्यात बरेच पाणी असते. लिंबाचा रस सढळ हाताने पिळलेला असतो. आणि शेवटी मीठ. मीठ लावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मांसाला पाणी सुटते आणि पुढे त्यातील बराचसा भाग मांस पुन्हा शोषून घेते. म्हणून मीठ लावून लगेच पीठ घातले तर दहा-वीस मिनिटांनी लेप पातळ झालेला आढळतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती मग आणखी पीठ घालते. दाट कवचाचा उगम बहुधा येथेच असतो. योग्य क्रम असा की मीठ, मसाला आणि दही आधी लावावे आणि पीठ अगदी शेवटी, तळण्यापूर्वी थोडाच वेळ आधी घालावे.

जास्तीच्या पाण्याची किंमत किती पडते हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. कढईत एक लिटर तेल आहे असे धरू. त्याचे वजन सुमारे ९०० ग्रॅम. एवढ्या तेलाचे तापमान एक अंशाने वाढविण्यास साधारणपणे दोन किलोज्यूल उष्णता लागते. उलट एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळून त्याची वाफ करण्यास अडीच किलोज्यूलांहून थोडी अधिक उष्णता खर्च होते. आता मुरवणात एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम, पाणी जास्त झाले असे समजा. त्याची वाफ करण्यात जवळजवळ ३८ किलोज्यूल उष्णता जाईल आणि तेवढ्यासाठी तेलाला सुमारे १९ अंश थंड व्हावे लागेल. खालची आच ही तूट भरून काढीत असते हे खरे. परंतु घरगुती शेगडीला त्यास वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात लेप पाण्याने भिजलेल्या अवस्थेत राहतो. एकाच वेळी फार तुकडे सोडण्याचा परिणामही नेमका असाच होतो. चमचाभर पाणी आणि मूठभर जास्तीचे तुकडे हे कढईच्या दृष्टीने एकाच जातीचे अपराधी आहेत.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे अर्धा किलो मांस घ्यावे. छातीचे मांस दिसावयास स्वच्छ असते, पण त्यात चरबी कमी असल्यामुळे दुहेरी तळणात ते लवकर वातड होते. मांडीचे मांस ही चूक पोटात घालते. मांसाचे सुमारे एक इंचाचे तुकडे करावेत. असे साधारण तीस तुकडे होतील. ते निथळून स्वच्छ कापडाने टिपावेत. ही पायरी किरकोळ वाटते, परंतु पुढील सर्व कष्टांपैकी निम्मे तिनेच वाचतात असे माझे मत आहे.

या तुकड्यांना एक लहान चमचा मीठ, दोन लहान चमचे काश्मिरी मिरचीपूड, अर्धा लहान चमचा तिखट मिरचीपूड, अर्धा लहान चमचा मिरेपूड, चिमूटभर हळद, पाणी न घालता वाटलेले एक मोठा चमचा आले-लसूण आणि एक लहान चमचा लिंबाचा रस लावावा. दह्याऐवजी दोन मोठे चमचे चक्का घ्यावा. महाराष्ट्रातील वाचकांना श्रीखंडामुळे चक्का परिचित आहेच; श्रीखंडाइतका घट्ट नसला तरी चालेल, दही अर्धा तास कापडात टांगून ठेवले तरी पुरते. हे सर्व एकत्र कालवून भांडे झाकून शीतकपाटात दोन तास ठेवावे. उन्हाळ्यात ते ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. आले मांसातील प्रथिनांचे विघटन करते. रात्रभर मुरविल्यास तुकड्याचा बाहेरचा भाग पिठूळ होतो, म्हणून अधिक वेळ म्हणजे अधिक चव असा हिशेब येथे करू नये.

तळण्याच्या पंधरा मिनिटे आधी भांडे बाहेर काढावे. तळाशी पाणी सुटलेले दिसले तर ते निःसंकोचपणे ओतून टाकावे. त्यानंतर एका अंड्याचा पांढरा बलक, चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि दोन मोठे चमचे तांदळाची पिठी घालून हाताने कालवावे. कॉर्नफ्लोअरमुळे कवच पातळ आणि एकसंध होते, तर तांदळाची पिठी त्याला किंचित खरखरीतपणा आणि टिकाऊपणा देते. मैदा टाळावा असे मी सुचवीन, कारण त्यातील चिवट प्रथिनामुळे कवच ठिसूळ होण्याऐवजी लवचिक होते. लेप सैल वाटल्यास पिठी एकेक लहान चमच्याने वाढवावी. उलट पीठ कोरडे दिसत असेल तर पाण्याचा हबका न मारता दोन मिनिटे थांबावे. पुष्कळदा तेवढ्यात ते आपोआप ओले होते.

जाड बुडाच्या कढईत एक लिटर शेंगदाण्याचे शुद्धीकृत तेल घ्यावे. तेल कढईच्या निम्म्यापेक्षा वर जाऊ नये, कारण ओला लेप आत पडताच ते फुगून वर येते. पहिल्या तळणासाठी तेल १७० अंशांपर्यंत तापवावे. आता स्वयंपाकघरात वापरावयाचे तापमापक सहज मिळतात आणि ते घेणे सोयीचे आहे. परंतु ते नसेल तर लेपाचा हरभऱ्याएवढा थेंब तेलात टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांनी वर आला आणि त्याच्याभोवती संथ बुडबुडे राहिले तर तेल पहिल्या तळणाला योग्य आहे. थेंब तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे. तो पडताक्षणी वर उसळून लगेच तांबूस झाला तर तेल या पायरीसाठी फार तापले आहे.

एका वेळी दहाच तुकडे, एकेक करून, सुटे सोडावेत. पहिली अर्धी-पाऊण मिनिट झारा लावू नये. या वेळात लेप घट्ट होऊन मांसाला धरतो. त्याआधी ढवळल्यास तो सोलून निघतो. तुकडे पडताच तापमान उतरेल, तेव्हा आच वाढवून तेल १६० अंशांच्या आसपास राखावे. चार मिनिटांत मांस आतून शिजते. तुकडा फोडून पाहिला असता मध्यभागी गुलाबी, चिकट भाग राहता कामा नये. तापमापक असेल तर मध्यभागी किमान ७४ अंश दिसले पाहिजेत. या वेळी बाहेरचा रंग फिकट असतो आणि कवच जेमतेम कडक झालेले असते. ते तसेच असावयास हवे. याच टप्प्यावर रंग गडद करण्याचा मोह झाला की दुसऱ्या तळणात मिरचीपूड करपून पदार्थ कडू होतो.

येथे रंगाविषयी थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या अशा पदार्थांचा भडक लाल रंग पुष्कळदा कृत्रिम असतो. चिकन कबाबसारख्या पदार्थांत कृत्रिम रंग घालण्यास कर्नाटक शासनाने २०२४ साली बंदी केली. आरोग्याचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण स्वयंपाकाच्या दृष्टीने आणखी एक तोटा असा की रंग घातलेला तुकडा कच्चा असतानाही लाल आणि करपू लागला तरी लालच दिसतो. तळणाऱ्याचे डोळेच त्यामुळे निकामी होतात. काश्मिरी मिरचीचा रंग तेलात हळूहळू पालटतो आणि तळण कोठवर आले ते सांगत राहतो.

पहिल्या तळणातून काढलेले तुकडे झाऱ्यावर नीट झटकून जाळीवर पसरावेत. तुकडा तेलात असतो तोवर आतून बाहेर येणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. तो बाहेर काढल्यावर वाफ थंडावते आणि पृष्ठभागावरचे तेल कवचाच्या छिद्रांत ओढले जाते. म्हणून तेल झटकावयाचे ते काढल्याबरोबर, गरम असतानाच. कागदावर ढीग करून ठेवल्यास तेल थोडे टिपले जाते हे खरे, पण खालच्या बाजूस अडकलेली वाफ कवच भिजवून टाकते.

आता पाच ते दहा मिनिटे विश्रांती. या वेळात वरवर पाहता काहीच घडत नाही, परंतु दुसऱ्या तळणाचे सर्व प्रयोजन येथेच आहे. शिजताना मांसातील तंतू आकसतात आणि आपला रस पिळून बाहेर ढकलतात. तुकडा तेलाबाहेर काढला तरी आतले पाणी कोरड्या कवचाकडे सरकत राहते आणि दहा मिनिटांत कवच ओलसर होते. एकदाच तळलेला तुकडा पानात मऊ पडतो तो यामुळेच. आपण हे पाणी बाहेर येऊ देतो आणि ते कवचात आले की दुसऱ्यांदा, अधिक तापलेल्या तेलात, घालवून टाकतो. मांसातून सहज सुटणारे पाणी एव्हाना सुटून गेलेले असल्यामुळे त्यानंतर कवच भिजण्याचा वेग बराच मंदावतो. म्हणूनच विश्रांती न देता, तुकडे नुसते बाहेर काढून लगेच परत तेलात टाकण्याने फारसा लाभ होत नाही. ते एकाच लांबलेल्या तळणासारखे होते.

मधल्या वेळात तेलातील पिठाचे कण बारीक झाऱ्याने काढून टाकावेत, अन्यथा ते काळे होऊन तुकड्यांना चिकटतात. मग तेल १९० अंशांपर्यंत तापवावे. या तापमानाला थेंब टाकताच वर येतो, पण तेलातून धूर निघत नाही. धूर दिसू लागला तर मर्यादा ओलांडली असे समजून आच बंद करावी. तीस तुकडे आता दोन घाण्यांत तळता येतात, कारण घालवावयाचे पाणी थोडेच उरलेले असते. प्रत्येक घाण्याला एक मिनिट, फार तर सव्वा मिनिट द्यावे. सुरुवातीचा खळखळाट लवकर ओसरतो, झाऱ्यावर तुकडे हलविले असता खडखड असा कोरडा आवाज येतो आणि रंग विटकरी होतो. या थोड्या वेळात उष्णता मांसाच्या गाभ्यापर्यंत फारशी पोहोचत नाही, त्यामुळे आतला रस टिकतो. सव्वा मिनिटाचे तीन मिनिटे केले तर कवच उत्तम होते आणि आतील मांस दोरखंडासारखे. दुहेरी तळण ही छोट्या तुकड्यांची युक्ती आहे, आणि तिला एवढी किंमत द्यावी लागते की घड्याळाकडे पाहावे लागते.

शेवटच्या घाण्यानंतर कढीलिंबाच्या पानांच्या दोन-तीन काड्या आणि चिरा दिलेल्या चार हिरव्या मिरच्या त्याच तेलात काही सेकंद तळाव्यात. पाने धुतलेली असतील तर पूर्ण कोरडी करून घ्यावीत. ओली पाने तेल उडवितात. चीर न दिलेली मिरची तेलात फुटते.

ज्यांना पाहुण्यांसाठी आगाऊ तयारी करावयाची असते त्यांना दुहेरी तळण सोयीचे वाटते. पहिले तळण सकाळी करून दुसरे जेवणाच्या वेळी करता येते, परंतु एक अट कटाक्षाने पाळली पाहिजे. पहिल्या तळणात मांस पूर्ण शिजले पाहिजे आणि ते दोन तासांच्या आत शीतकपाटात गेले पाहिजे. अर्धवट शिजवून बाहेर ठेवलेले मांस दुसऱ्या वेळी वरून कितीही कुरकुरीत झाले तरी ते सुरक्षित नसते. शीतकपाटातील थंड तुकडे थेट १९० अंशांच्या तेलात टाकल्यास कवच करपते आणि मध्यभाग थंड राहतो. ते वीस मिनिटे आधी बाहेर काढावेत, १७५ अंशांच्या आसपास दोन-अडीच मिनिटे तळावेत आणि एखादा तुकडा फोडून मध्यभाग वाफाळता आहे याची खात्री करून घ्यावी.

हैदराबादकडे तळलेले तुकडे दही, लसूण, मिरच्या व कढीलिंब यांच्या फोडणीत परतून देण्याची पद्धत आहे. तो पदार्थ चविष्ट असतो, पण त्यात कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नये. कवच तेथे कोरडे राहण्यासाठी नसून फोडणी शोषून घेण्यासाठी असते. अशा वेळी दुसऱ्या तळणाचे श्रम घ्यावयाचे असतील तर फोडणी आटवून जवळजवळ कोरडी करावी आणि तुकडे तीत घालून अर्ध्या मिनिटात ताटात काढावेत.

कोरड्या चिकन ६५ लाही वाढेपर्यंत एकच शत्रू उरतो, तो म्हणजे झाकण. गरम तुकडे डब्यात भरून झाकण लावले की त्यांचीच वाफ झाकणाला लागून पाण्याच्या थेंबांच्या रूपाने त्यांच्यावर परत पडते. घरातल्या घरात वाढावयाचे असतील तर ते पसरट ताटात उघडेच ठेवावेत; दुसरीकडे न्यावयाचे असतील तर आधी दहा मिनिटे जाळीवर निवू द्यावेत आणि मग डब्याचे झाकण किंचित उघडे ठेवून न्यावेत.